अण्णांचे बूट



गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने विचारलं होतं, की घरातल्या वयस्कर माणसाला चालायला बूट घ्यायचे, चामडं तर नकोच, मग बघायचं तरी काय काय? तेव्हा मी म्हटलं होतं, सविस्तर लिहिते. आमच्या अण्णांचे बूट घेताना जे जे कळलं ते आज लिहितेय. जरा लांबेल, पण वाचा.

अण्णा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली आणि निवृत्त झाले. आता त्र्याहत्तर पूर्ण. आई आणि ते माधवनगरला असतात, मी विश्रामबागला, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा जाणं होतंच. त्यांना मधुमेह सतरा-अठरा वर्षांपासून आहे. औषधं वेळेवर, जेवण सूर्यास्ताआधी, रोज चालणं. सगळं शिस्तीत. त्यामुळे पायाची काळजी करावी असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

डिसेंबरात एका सकाळी ते मंदिरातून आले आणि आईला फरशीवर लालसर ठिपके दिसले. बघितलं तर उजव्या तळपायात टाचणी. डोक्यासकट आत गेलेली. मंदिरातून घरापर्यंत अर्धा-पाऊण किलोमीटर ते तशीच घेऊन आले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. आईने ओढून काढली तेव्हाही "काय करतेस?" म्हणून विचारलं त्यांनी.

मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नायलॉनचा एक जाड दोरा घेतला, मासेमारीच्या गळाला असतो तसा. अण्णांना डोळे मिटायला सांगितले आणि तो दोरा वाकेपर्यंत तळव्यावर एकेक ठिकाणी टेकवला. "टेकला की हो म्हणा." हा दोरा बरोबर दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. तेवढा दाब ज्या पायाला कळत नाही, त्या पायाला जखम झालेलीही कळेल याचा भरवसा नाही. दहा ठिकाणी टेकवला. डाव्या पायाला सहा कळले, उजव्याला चार. अण्णा डोळे मिटून शांतपणे पुढच्या टेकण्याची वाट बघत होते आणि डॉक्टरांचं तर पुढचं ठिकाणही करून झालं होतं. ते बघताना माझ्या पोटात कालवलं.

पावलावरची नाडी डॉक्टरांना चांगली लागली, म्हणजे रक्तपुरवठा ठीक होता. बोटंही वाकडी झालेली नव्हती. म्हणून ते म्हणाले, बाजारातले नीट मापाचे बूट चालतील. ज्यांना आधी मोठी जखम होऊन गेली आहे किंवा पायाचा आकारच बदललाय, त्यांना बाजारातले चालत नाहीत, माप देऊनच करून घ्यावे लागतात, हेही त्यांनी सांगितलं. आणि अनवाणी चालणं बंद. घरातसुद्धा.

ते शेवटचं वाक्य अण्णांना लागलं. ते रोज सकाळी आंघोळ करून, धोतर-दुपट्टा घेऊन अनवाणीच अभिषेकाला जातात. मी कळत्या वयाची झाले तेव्हापासून हेच बघतेय. घरी आल्यावर म्हणाले, "मुनी महाराज अनवाणी शेकडो मैल विहार करतात. मला गल्लीच्या टोकापर्यंत जायला बूट? लोक काय म्हणतील?"

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, पण आई भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, महाराजांना पायात काय टोचलं ते कळतं. तुम्हाला कळत नाही."

त्यावर अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाले, "कधी जायचं ते सांग." एवढंच. तोपर्यंत टाचणीची जखम भरत आली होती. ती पूर्ण भरायला तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस आम्ही थांबलो.

बूट घ्यायला जाण्याआधी घरी एक काम केलं, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी काम तेच. पायाचा कागद काढला. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून फरशीवर ठेवलं, अण्णांना त्यावर दोन्ही पायांवर वजन देऊन उभं केलं आणि पेन्सिल अगदी उभी धरून पायाभोवती फिरवली. बसून काढायचं नाही. उभं राहिलं की पाऊल पसरतं आणि लांबही होतं, आणि बुटात आपण उभंच राहणार असतो. दोन्ही पायांचं वेगळं काढायचं. वेळ संध्याकाळची, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि सकाळी बरोबर वाटलेला बूट संध्याकाळी आवळतो. पायात जे मोजे घालणार, तेच घालून काढायचं.

टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत डावा पाय 25.6 सेंटिमीटर आला, उजवा 26.1. रुंदी बोटांच्या मुळाशी जिथे सगळ्यात जास्त असते तिथे 10.4. अण्णा लग्नापासून सात नंबर घालतात. आपल्याला वाटतं पायाचा नंबर एकदा ठरला की ठरला. पण वयाप्रमाणे पावलाची बांधणी सैल होते, कमान थोडी बसते, पाऊल लांबट आणि रुंद होतं. आपल्याकडे चालणाऱ्या नंबरांत एका नंबराचा फरक असतो सुमारे साडेआठ मिलिमीटर. म्हणजे सातवरून आठवर जाणं ही किरकोळ गोष्ट नाही. मी ते दोन्ही कागद कात्रीने कापून पर्समध्ये ठेवले.

आता चामड्याचं. आपल्याला वाटतं स्पोर्ट्स शू म्हणजे कापड आणि रबर, त्यात चामडं कुठलं? असतं. चालायच्या बुटांच्या टोकाला किंवा बाजूला मऊ लवेची पट्टी असते ना, ती बऱ्याचदा स्वेड किंवा नुबक असते, म्हणजे चामडंच. तसंच दिसणारं कृत्रिमही मिळतं आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळेलच असं नाही. म्हणून लेबल बघायचं. बऱ्याच बुटांच्या जिभेवर, तळाशी किंवा खोक्यावर छोटी चित्रं असतात. पसरलेल्या कातड्याच्या आकाराचं चित्र म्हणजे चामडं. त्याच आकारात मध्ये चौकट असेल तर वरून थर दिलेलं चामडं, तेही आपल्याला नको. विणलेल्या जाळीसारखं चित्र म्हणजे कापड. आणि नुसती उभी चौकट, पत्त्यातल्या चौकटसारखी, म्हणजे इतर साहित्य, रबर-प्लास्टिक वगैरे. ही चित्रं वरचा भाग, अस्तर आणि तळ यांची वेगवेगळी असतात. तिन्ही बघायची, कारण वरून कापड आणि आत चामड्याचं अस्तर असंही असतं. डिंक कशाचा, ते मात्र लेबलवर नसतं. आता बहुतेक स्पोर्ट्स शूमध्ये कृत्रिमच वापरतात. अण्णांचं म्हणणं, आपल्याला जेवढं बघता येतं तेवढं बघायचं, विचारायचं, आणि मग घ्यायचं.

डॉक्टरांनी घरात घालायला एमसीआर रबराची चप्पल सांगितली होती, मऊ तळव्याची. तिथेही हीच गोष्ट. तळ रबराचा, पण पट्टे सर्रास चामड्याचे. रेक्झिनचे पट्टे मागितले तर मिळतात, मागावे मात्र लागतात.

जानेवारीतल्या एका शनिवारी साडेपाचला अण्णांचं जेवण झालं आणि आम्ही हरभट रोडला गेलो. दुकानातला मुलगा चांगला होता, विशी-बाविशीचा. आल्याआल्या त्याने काळे चकचकीत बूट पुढे केले. "काका, हे घ्या, जेन्युइन लेदर, दहा वर्षं हलत नाहीत." अण्णांनी हात मागे घेतला आणि हसून म्हणाले, "बाळा, ते ज्याचं होतं त्यालाच राहू द्यायला पाहिजे होतं." पोरगं गोंधळलं. मी म्हटलं, चामडं अजिबात नको, बाकी काहीही दाखव. मग त्याने खोकी काढायला सुरुवात केली.

अण्णांनी सवयीने सात नंबर मागितला. घातला, उभे राहिले, दुकानात दोन चकरा मारल्या आणि चेहरा खुलला. "हा बरोबर आहे. पायात बसल्यासारखा वाटतो." मी आठ घालायला लावला. चार पावलं चालले आणि म्हणाले, "छे, हा ढगळ आहे. पायात काही आहे असं वाटतच नाही."

मैत्रिणींनो, ही जागा फार महत्त्वाची आहे. एरवी आपण म्हणतो, ज्याच्या पायात घालायचा त्यालाच विचारा. पण ज्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्या पायाला नीट मापाचा बूट जाणवतच नाही. आवळणारा बूट जाणवतो. म्हणून अशी माणसं हटकून घट्ट बूट निवडतात आणि तो "छान बसला" म्हणतात. मग करंगळीच्या बाजूला, अंगठ्याच्या टोकाला, टाचेला घासून फोड येतो. तोही कळत नाही. ही गोष्ट डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवली होती, म्हणून मी तयारीत होते.

मी सात नंबरच्या बुटातली आतली गादी बाहेर ओढली. ती बहुतेक स्पोर्ट्स शूमध्ये सुटी निघते. जमिनीवर ठेवली आणि वर अण्णांच्या उजव्या पायाचा कागद ठेवला. करंगळीकडे कागद गादीच्या बाहेर, चांगला बोटाच्या पेरभर. पुढे अंगठ्यापाशी जागा जवळजवळ नाहीच. मग आठ नंबरची गादी काढली. कागद चारी बाजूंनी आत बसला आणि अंगठ्याच्या पुढे सेंटिमीटरभर जागा राहिली. एवढी हवीच, कारण प्रत्येक पावलाला पाय बुटात किंचित पुढे सरकतो. माप नेहमी मोठ्या पायाचं धरायचं. लहान पायाला सैल वाटलं तर जाड मोजा किंवा पट्टा ओढून भागतं. मोठ्या पायाला जागा नसेल तर त्यावर इलाज नाही.

अण्णा खाली वाकून दोन्ही गाद्या बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता वाद घालणार. पण ते त्या मुलाला म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्याला नेहमी वाटायचं, माझा ऊस वीस टन भरणार. काटा साडेसोळा दाखवायचा. मग भांडायला यायचे माझ्याशी. मी म्हणायचो, बाबा, वाटण्याला पावती फाडत नसतात." आणि मला म्हणाले, "आठ काढ."

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं. पण आपल्या पायाचं आता आपल्याला खरं कळत नाही, हे माणसाने भर दुकानात मान्य करायचं म्हणजे काय असतं, ते मला बाजूला बसून दिसत होतं. मी गाद्या परत आत बसवत राहिले.

आठ नंबरात चार जोड निघाले. त्यातला एक इतका मऊ होता की बोटाने दाबला की तळ आत जायचा. आपल्याला वाटतं म्हाताऱ्या माणसाला मऊच हवं. पण पायाला जमीन नीट कळत नसेल तर फार गुबगुबीत तळावर तोल जातो, गादीवर उभं राहिल्यासारखं होतं. तो बाजूला ठेवला. बाकीच्यांच्या तीन परीक्षा केल्या, दुकानातच, कुणालाही करता येतात. टाचेचा मागचा भाग चिमटीत दाबायचा. तो सहज चेपला तर टाचेला आधार मिळणार नाही. बूट दोन्ही टोकांना धरून वाकवायचा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, जिथे पाय वाकतो. मधोमध घडी पडली तर परत द्यायचा. आणि ओला कपडा पिळतो तसा पिळून बघायचा. थोडा फिरला तर ठीक, दोरीसारखा पिळला गेला तर नको. शेवटी आत हात घालून सगळीकडे बोट फिरवायचं. शिवण, गाठ, डिंकाचा कडक थेंब काहीही लागता कामा नये, कारण आपल्या बोटाला लागतं ते त्यांच्या पायाला लागणार नाही. एका जोडात टाचेपाशी बारीक टोचरी शिवण सापडली. तोही गेला. दोन उरले.

उरलेल्या दोनांत एक नाडीचा होता, एक दोन पट्ट्यांचा, खरखरीत चिकटणारे असतात तसा. नाडीने बूट जास्त चांगला बसतो हे खरं. पण अण्णांना रोज मंदिराच्या बाहेर बूट काढायचे आहेत, परत घालायचे आहेत. गुडघे वाकत नाहीत. नाडीचा घेतला असता तर आठ दिवसांत नाडी न सोडता टाच चेपून आत घालायला लागले असते, आणि मग बुटाचा अर्थच संपला. पट्ट्यांचा घेतला. सोबत लांब दांड्याचा शूहॉर्न घेतला, उभ्यानेच टाच आत सरकते त्याने. मंदिराच्या ओट्यावर बसून अण्णा आता काढ-घाल करतात.

तळाच्या नक्षीवरून मात्र बापलेकीचं थोडं वाजलं. मला खोल खाचांचा तळ बरा वाटत होता, घसरणार नाही म्हणून. अण्णांनी बूट उलटा धरला, खाचेत नख घातलं आणि म्हणाले, "पावसाळ्यात यात चिखल भरणार. चिखलात गांडुळं, किडे. ते मंदिराच्या दारापर्यंत माझ्याबरोबर येणार." अण्णा ईर्यासमिती पूर्ण पाळतात असं मी म्हणणार नाही, ते मुनींचं काम. पण चार हात जमीन बघत चालायचं आणि उजेड झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, हे त्यांनी गृहस्थाला जमेल तेवढं आयुष्यभर पाळलंय. सकाळी फिरायला जाणारी बाकीची मंडळी पाच वाजता अंधारात निघतात. अण्णा सूर्य वर आल्यावर. अगदी गुळगुळीत तळ तर मला चालणार नव्हता. पट्ट्यांच्या बुटाला उथळ नागमोडी रेघा होत्या, ज्या ओल्या फडक्याने पुसता येतात. त्यावर दोघांचं जमलं. लेबल पाहिलं: वर जाळी आणि चौकट, आत जाळी, खाली चौकट. अण्णांनी हातात तोलून पाहिला. "पावणेतीनशे." मुलाने गंमत म्हणून गल्ल्याजवळच्या काट्यावर ठेवला. 282 ग्रॅम. एका बुटाचे. त्या दिवशीचा अण्णांचा सगळ्यात मोठा आनंद तो होता.

किंमत 3,150 रुपये. त्यावर जे बोलायचं ते रस्ताभर बोलून झालं.

नवे बूट घालून लगेच तीन किलोमीटर जायचं नाही. पहिल्या दिवशी घरातच अर्धा तास. मग बूट-मोजे काढून आई पाय बघायची. लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही, तर तिथे दाब येतोय असं समजायचं. अण्णांना उजव्या करंगळीवर पहिल्या दिवशी थोडा डाग आला होता, तो वीस मिनिटांत गेला. दुसऱ्या दिवशी पुढचा पट्टा अर्धा बोट सैल केला, मग आलाच नाही. रोज थोडं थोडं वाढवत तेराव्या दिवशी नेहमीचा फेरा पूर्ण केला. मोजे पांढरे सुती, काठ सैल असलेले, आणि शिवण बाहेर येईल असे उलटे करून घालायचे. पांढरे अशासाठी, की रक्ताचा किंवा पाण्याचा ठिपका लगेच दिसतो.

बूट घालण्याआधी आत बघून, हलकेच झटकून, हात फिरवून मगच पाय घालायचा, असं डॉक्टरांनी आवर्जून लिहून दिलं होतं. आईला ते वाचून दाखवलं तर म्हणाली, "हे काय नवीन? कुठलीही वस्तू बघितल्याशिवाय घ्यायची नाही, ठेवायची नाही, हे तर लहानपणीच शिकवलंय." परवा एका बुटात झुरळाचं पिल्लू निघालं. आईने ते कागदावर घेऊन परसात सोडलं.

अनवाणी जाण्याचा प्रश्न पूर्ण सुटला असं नाही. मंदिराच्या दारापर्यंत बूट, हे अण्णांनी मान्य केलं. आत सभामंडपात फक्त मंदिरासाठी वेगळे ठेवलेले धुतलेले मोजे घालतात. पण अभिषेकाला गाभाऱ्यात जाताना तेही काढतात. त्यावर त्यांनी कुणाचं ऐकलेलं नाही, आणि मी आता सांगायचंही सोडलंय. गाभाऱ्याची फरशी रोज पुसलेली असते. घरी आल्यावर अण्णा खुर्चीत बसतात, आई स्टुलावर पाय घेते आणि हातात आरसा धरून तळवा दाखवते. बोटांच्या बेचक्यासुद्धा बघते. पाच मिनिटं लागतात.

असे बूट साधारण पाच-सातशे किलोमीटर चालतात, मग वरून नवे दिसले तरी तळातली उसळी जाते. रोजचे तीन किलोमीटर धरले तर महिन्याला नव्वद, म्हणजे सहा ते आठ महिने. हे अण्णांना सांगितल्यापासून त्यांनी एक वही केली आहे. तारीख, किलोमीटर, एकूण. काल पाहिलं तर 141 झाले होते, आणि समोर शेऱ्यात लिहिलं होतं: पाय ठीक, सौ. ने पाहिले.